दोन वायरी बदला, पण स्टार-डेल्टा मोटरच्या सहा वायरींतल्या नको

प्रश्न: १० एचपीची थ्री फेज मोटर रिवाइंड करून आणली, स्टार-डेल्टा स्टार्टर आहे, पंपाला जोडली तर उलटी फिरते. मोटरवरच्या कुठल्याही दोन वायरी आपसात बदलल्या की झालं ना? आणि दिशा सुलट झाली का ते कसं बघायचं?

उत्तर:

दोन वायरी बदलायच्या हे बरोबर आहे, पण तुमच्या बाबतीत "मोटरवरच्या कुठल्याही" हे चुकीचं आहे. बदल स्टार्टरच्या इनकमिंगला करा, म्हणजे पुरवठ्याच्या तीन वायरी जिथे स्टार्टरमध्ये शिरतात तिथे. मोटरकडून येणाऱ्या सहा वायरींना हात लावू नका.

मोटर कुठल्या बाजूला फिरणार हे तीन फेज कुठल्या क्रमाने येतात त्यावर ठरतं. आर-वाय-बी हा क्रम वाय-आर-बी केला की फिरण्याची दिशा उलटते. कुठल्याही दोन फेज बदला, परिणाम तोच. मात्र तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवल्या, म्हणजे वाय-बी-आर केलं, तर क्रम होता तोच राहतो आणि मोटर पुन्हा उलटीच फिरते. घाईत तिन्ही वायरी सोडणाऱ्याच्या हातून हे हमखास होतं. म्हणून दोनच सोडा, तिसरी जागची हलवू नका.

आता सहा वायरींबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण खरा घोटाळा तिथेच होतो. तुमच्या मोटरमध्ये तीन गुंडाळ्या आहेत आणि प्रत्येकीची दोन्ही टोकं बाहेर आलेली आहेत: यू१-यू२, व्ही१-व्ही२, डब्ल्यू१-डब्ल्यू२. स्टारमध्ये यू२, व्ही२, डब्ल्यू२ एकत्र बांधलेली असतात आणि पुरवठा फक्त १ नंबरच्या टोकांना मिळतो. डेल्टामध्ये आर फेज यू१ आणि डब्ल्यू२ ला, वाय फेज व्ही१ आणि यू२ ला, बी फेज डब्ल्यू१ आणि व्ही२ ला जाते. समजा तुम्ही टर्मिनल बॉक्स उघडून यू१ आणि व्ही१ च्या वायरी आपसात बदलल्या. स्टारमध्ये मोटर अगदी सुलट फिरेल, तुम्हाला वाटेल काम झालं. पण डेल्टा पडला की यू१ ला वाय आणि यू२ लाही वाय. त्या गुंडाळीला व्होल्टेजच नाही, आणि उरलेल्या दोन्ही गुंडाळ्या आर-बी या एकाच जोडीवर. म्हणजे तीन फेज असूनही मोटर सिंगल फेजवर!

हे मी एका जागी डोळ्यांनी पाहिलं आहे. बटण दाबलं, मोटर सुरेख सुटली, काही सेकंदांनी स्टार्टर डेल्टावर गेला आणि मोटर घुं-घुं आवाज करत जड झाली. थोड्याच वेळात ओव्हरलोड रिले पडला. सगळ्यांनी आधी फ्यूज तपासले, मग रिवाइंडिंगवाल्याला दोष दिला. क्लॅम्प मीटर इनकमिंगला लावला तेव्हा आर आणि बी वर भरपूर करंट, वाय वर जवळजवळ शून्य. विचारलं तेव्हा कळलं, दिशा बदलण्यासाठी मोटरकडच्या दोन वायरी बदलल्या होत्या. त्या परत जागी लावल्या, इनकमिंगच्या दोन बदलल्या, मोटर ठीक चालली.

पॅनेलमध्ये फेज क्रम ओळखणारा प्रिव्हेंटर असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. त्याच्या आधी वायरी बदलल्या तर त्याला क्रम उलटा दिसतो आणि तो मोटर सुटूच देत नाही. अशा वेळी बदल प्रिव्हेंटरच्या वायरी जिथून घेतल्या आहेत त्याच्या पुढे, पण मेन कॉन्टॅक्टरकडे आणि डेल्टा कॉन्टॅक्टरकडे फाटा फुटण्याच्या आधी करा. प्रिव्हेंटर बायपास करू नका.

काम करताना लाल बटण दाबून थांबलेली मोटर म्हणजे बंद पुरवठा नव्हे. इनकमिंग तर तेव्हाही जिवंतच असतं. आधी ऑटो स्विच मॅन्युअलवर घ्या, नाहीतर फ्लोट किंवा टायमर मोटर आपोआप सोडेल. मग मेन स्विच पाडा, कुलूप लावा. फ्यूज असतील तर तिन्ही काढून खिशात ठेवा. टेस्ट लॅम्प किंवा मीटर आधी चालू लाइनवर लावून तो चालतो हे बघा, मग तुमच्या इनकमिंगला तिन्ही फेज एकमेकांत आणि प्रत्येक फेज अर्थिंगला तपासा, शेवटी मीटर परत चालू लाइनवर बघा. मधेच बिघडलेला मीटरही "लाइन नाही" असंच दाखवतो. पॉवर कॅपॅसिटर असेल तर तो डिस्चार्ज झाल्याची खात्री करा. एवढं झालं की दोन वायरी बदला, लग नीट घट्ट करा. अर्थिंगची वायर जागेवरच राहू द्या.

दिशा बघायची ती कपलिंग सोडून. बऱ्याच पंपांचा इंपेलर शाफ्टवर आट्यांनी बसवलेला असतो, उलट फिरला की सुटून केसिंगला घासतो. कपलिंगचे बोल्ट काढा, मोटरच्या शाफ्टवर चावी उघडी असेल तर तीही काढा, कारण सैल चावी फिरताना गोळीसारखी उडते. मोटरच्या कपलिंगवर खडूने एक जाड रेघ ओढा, सगळ्यांना बाजूला उभं करा, हिरवं बटण दाबून लगेच लाल दाबा. दिशा मोटर थांबत येताना बघायची. पूर्ण वेगात ट्यूबलाइटखाली डोळा फसतो, फिरणारी वस्तू कधी उलटी तर कधी थांबल्यासारखी दिसते. हात, चिंधी, काठी, काहीही लावून बघू नका. पंपावरचा बाण कुठल्या बाजूने बघायचा तेही ठरवून घ्या. कपलिंगच्या बाजूने घड्याळाच्या काट्यासारखी फिरणारी मोटर पंख्याच्या बाजूने बरोबर उलटी दिसते.

मोनोब्लॉक असेल तर कपलिंग सोडता येणार नाही. तेव्हा पंप पाण्याने भरून घ्या, म्हणजे सील कोरडं घासणार नाही, तसाच क्षणभर झटका द्या आणि जाळीतून पंखा बघा. पाणी येतंय म्हणजे दिशा बरोबर, असं धरू नका. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी थोडं पाणी फेकतोच, फक्त दाब आणि प्रवाह कमी मिळतो.

तो झटका मोटरला फक्त स्टारमध्ये मिळाला हे विसरू नका. दिशा पटली की कपलिंग मोकळं ठेवूनच मोटर पुन्हा सोडा आणि डेल्टावर जाऊ द्या. आवाज एकसारखा राहिला पाहिजे आणि इनकमिंगच्या तिन्ही फेजवर करंट जवळपास सारखा दिसला पाहिजे. बिनलोड तो साधारण प्लेटवरच्या करंटच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत असतो. एका फेजवर शून्य आलं तर कुणीतरी सहा वायरींत हात घातला आहे. स्टारमध्येच मोटर गुरगुरत असेल आणि तिन्ही करंट जास्त नि वेगवेगळे असतील, तर रिवाइंडिंगमध्ये एका गुंडाळीची टोकं उलटी आली असण्याची दाट शक्यता आहे. तो दोष पुरवठ्याच्या वायरी कितीही बदलल्या तरी जाणार नाही, मोटर परत त्यांच्याकडेच न्यावी लागेल.