स्वीप नंतर, आधी ओव्हरड्राफ्ट

*मी इंदूरला लोकमान्य नगरमध्ये राहतो, वय 50, पीथमपूरला नोकरी, 20 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहे. बचत खात्यात कायम 6 लाख असतात, मुलीची फी आणि अडीअडचणीसाठी. व्याज अडीच टक्के. ऑटो स्वीप लावू का? पैसे अडकणार तर नाहीत? बाकी 10 लाखांची एफडी आहे, साडेसहा टक्क्यांची. तिच्यावर साडेसात टक्क्यांनी ओव्हरड्राफ्ट घेऊन 2025 च्या मार्चपासून एका गॅरंटीड योजनेचे 2-2 लाखांचे दोन हप्ते भरले. 10 वर्षं भरायचे, 20 वर्षांनी 40 लाख. बँकेतला मुलगा आपलाच, रामबागेतला. तो म्हणाला, एफडी मोडूच नका, तीही वाढेल आणि पॉलिसीही. पण मी 4 लाखच उचलले, खात्यात 4.25 लाख बाकी दिसते. बँकेची चूक आहे का?*

नमस्कार. बँकेची चूक नाही. वरचे 25 हजार हे व्याज आहे. ओव्हरड्राफ्टला ईएमआय नसतो, म्हणून काही भरायचंच नसतं असं वाटतं. प्रत्यक्षात व्याज दर महिन्याला त्याच खात्यात नावे पडतं आणि पुढच्या महिन्यात त्या व्याजावरही व्याज लागतं. आजच्या बाकीवर ते वर्षाला सुमारे 32 हजार होतं.

आता शेजारी बचत खातं ठेवून बघा. तिथे तुमचेच 6 लाख अडीच टक्क्यांवर बसलेत, आणि त्याच बँकेला तुम्ही सव्वाचार लाखांवर साडेसात टक्के देताय. स्वीपचा, म्हणजे बचतीतली ठरावीक मर्यादेवरची रक्कम आपोआप एफडीत वळवण्याचा, प्रश्न त्यानंतरचा. उद्याच बचतीतून 4.25 लाख ओव्हरड्राफ्ट खात्यात टाका. बचतीचं साडेदहा हजार व्याज बुडेल, ओव्हरड्राफ्टचं 32 हजार वाचेल. वर्षाला 21 हजारांच्या वर फायदा, एकही फॉर्म न भरता.

‘पण मग अडचणीला पैसे कुठून आणू?’ हे तुम्ही विचारणारच. त्याच ओव्हरड्राफ्टमधून. एफडीवर साधारण 90 टक्क्यांपर्यंत मर्यादा मिळते, म्हणजे तुमच्याकडे 9 लाखांच्या आसपास असेल. बाकी शून्य केली तरी मर्यादा तशीच राहते. रात्री दोन वाजता दवाखान्यात लागले तरी काढता येतात आणि व्याज फक्त काढलेल्या रकमेवर, तितक्या दिवसांचं. तुमचे हाताशी असलेले पैसे एका रुपयानेही कमी होत नाहीत, फक्त दुसऱ्या खात्यात दिसतात. म्हणून खातं बंद करू नका, शून्यावर ठेवा. दोन गोष्टी मात्र शाखेत विचारून घ्या: न वापरता ठेवल्यास वार्षिक शुल्क लागतं का, आणि एफडीची मुदत कधी संपते. मुदत संपताना बाकी उरली असेल तर बँक ती एफडीतूनच वळती करते.

सगळे 6 लाख स्वीपला टाकून ओव्हरड्राफ्ट तसाच ठेवला तर? स्वीपवर 6 टक्के धरा, त्यातला पाचवा हिस्सा टॅक्समध्ये जातो, उरले 4.8. ओव्हरड्राफ्टचे साडेसात तुम्ही टॅक्स भरलेल्या पैशातून देता. एफडीच्या 65 हजार व्याजावर पूर्ण टॅक्स लागतो, आणि पॉलिसीसाठी काढलेल्या उचलीचं व्याज त्यातून वजा करता येत नाही. त्या मुलाने हे सांगितलं नसणार. त्याच्या टार्गेटमध्ये ते बसत नाही.

आता त्या ‘गॅरंटीड’कडे. 20 लाखांचे 40 लाख ऐकायला दुप्पट, पण किती काळात? पहिला हप्ता 20 वर्षं थांबतो, दहावा 11 वर्षं, सरासरी साडेपंधरा. पैसे जितक्या वर्षांत दुप्पट होतात त्या आकड्याने 72 ला भागलं की साधारण व्याजदर कळतो. 72 ला साडेपंधराने भागा, साडेचार टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणजे साडेसात टक्क्यांनी उचलून साडेचार टक्क्यांत गुंतवायचं, तेही वयाच्या सत्तरीपर्यंत. आपल्याच माणसाने, आपल्याच भाषेत समजावलेलं इतकं महाग पडतं, म्हणून मला रामबागेचा उल्लेख वाचून हसू आलं नाही. ‘एफडीही वाढेल’ हेही अर्धंच खरं आहे: 10 लाखांपैकी सव्वाचार लाखांवर तुम्ही एका टक्क्याने तोट्यात आहात, टॅक्स धरला तर दोनाहून जास्त.

तिसरा हप्ता भरू नका, पण रागाच्या भरात सरेंडरही करू नका. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा. एक, आज सरेंडर केली तर किती मिळतील. ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांमुळे पहिल्या वर्षानंतरही काही रक्कम परत मिळते. दोन, हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप ठेवली तर मुदतीअखेर किती. समजा सरेंडरला 2.4 लाख आणि पेड-अपला 18 वर्षांनी 8 लाख असे आकडे आले, तर थांबणं वर्षाला सुमारे 7 टक्के देतं आणि पेड-अप ठेवणं शहाणपणाचं. त्याहून बरंच कमी निघालं तर बाहेर पडा. भरलेले 4 लाख या हिशोबात आणायचेच नाहीत, ते गेलेले आहेत. पेड-अप केल्यावर विमा संरक्षण आक्रसतं, त्यामुळे मुलीसाठी साधा टर्म विमा नसेल तर तो आधी घ्या.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. ओव्हरड्राफ्ट फिटल्यावर बचतीत 1.75 लाख उरतील. 50 हजार खाली ठेवून सव्वा लाख स्वीपला जाऊ द्या. पैसे अडकत नाहीत: एटीएम, यूपीआय किंवा चेकला शिल्लक कमी पडली की बँक आपोआप एफडीचा तुकडा मोडते. काही बँका हजार-हजारांत मोडतात, काही अख्खी पावती मोडतात. तुमची काय करते ते विचारा. बहुतेक ठिकाणी सगळ्यात नवी पावती आधी मोडते, आणि ते तुमच्या फायद्याचं, कारण जुनीचं जमलेलं व्याज शाबूत राहतं.

फसगत होते ती दराबाबत. ॲपवर 6 टक्के दिसतात, पण मधेच मोडली तर पैसे जितके दिवस राहिले त्या मुदतीचा दर मिळतो, वर दंड. महिनाभर राहिलेल्या पैशाला साधारण 3 टक्के, त्यातून अर्धा टक्का दंड गेला की परत बचतीचेच अडीच. सात दिवसांच्या आत मोडलं तर काहीच नाही. म्हणून जुलैत द्यायची फी जूनमध्ये स्वीपला टाकण्यात अर्थ नाही. सव्वा लाख वर्षभर न हलता राहिले तर टॅक्स जाऊन बचतीपेक्षा साडेतीन हजार जास्त हाती येतील. वाईट नाही, पण त्यासाठी पत्र लिहिण्याची गरज नव्हती, 4.25 लाखांसाठी होती.

एक राहिलंच. पॉलिसीच्या हप्त्याचा ऑटो-डेबिट त्या मुलाने बहुधा ओव्हरड्राफ्ट खात्यावरच लावून दिला असेल. आधी ते मँडेट रद्द करून त्याची पोच घ्या. नाहीतर शून्य केलेल्या खात्यात मार्चमध्ये 2 लाखांची बाकी पुन्हा उभी राहील, आणि शिल्लक नाही म्हणून हप्ता परतही जाणार नाही.