लंबकाचं जर्नल परत आलं असेल तर आधी तुमची रीडिंग बघा

प्रश्न: साध्या लंबकाचं जर्नल परत आलंय. शेरा आहे, ‘मॅन्युअल उतरवलंय, समजलेलं दिसत नाही.’ आता वेगळं काय लिहू?

हाच प्रयोग आणि जवळपास हाच शेरा माझ्याही वाट्याला आला होता, म्हणून लिहिते आहे. साहित्य, आकृती, सूत्र सोडून देते, ते तुम्हाला येतंच.

कृतीत फक्त तुम्ही प्रत्यक्ष जे केलंत ते भूतकाळात लिहा. मी ‘लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजा’ हे मॅन्युअलमधलं वाक्य उतरवलं, मोजली मात्र गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत. गोळा 2 सेंमी व्यासाचा, म्हणजे प्रत्येक लांबी 1 सेंमी कमी. 25, 50 आणि 100 सेंमीला 20 आंदोलनांचे 20.5, 28.7 आणि 40.3 सेकंद आले. त्यावरून g निघाला 9.4, 9.6 आणि 9.7.

आमच्या विभागात 9.8 आल्याशिवाय सही मिळत नसे. दोनदा जर्नल परत आल्यावर मी वेळा खोडून तिन्ही ठिकाणी 9.80 येईल असं केलं. तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न आला, ‘हाताने घड्याळ दाबून तिन्ही उत्तरं इतकी तंतोतंत कशी?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. गुण गेले त्यापेक्षा जास्त वाईट याचं वाटतं की जर्नलमधली सगळ्यात चांगली गोष्ट मी स्वतःच खोडली होती.

कारण ते आकडे बोलत होते. घड्याळ दाबण्यात 0.2 सेकंद इकडेतिकडे झाले, तर 25 सेंमीला g मध्ये 0.2 च्या आसपास फरक पडतो, आणि तो कधी वर, कधी खाली. माझं उत्तर 0.4 ने कमी होतं, दरवेळी खालीच, आणि लांबी वाढली की फरक घटत होता. 1 सेंमी म्हणजे 25 चे 4 टक्के, 100 चा 1 टक्का. लांबीची चूक अशीच दिसते. T² विरुद्ध L आलेख काढला असता तर रेषा शून्यातून न जाता लांबीच्या अक्षाला शून्याच्या डावीकडे साधारण 1 सेंमीवर छेदली असती. चढ मात्र बिघडत नाही, त्यातून g = 4π²/चढ काढला की 9.8 मिळतो. रेषा ओढूनताणून शून्यातून नेली की हे सगळं झाकलं जातं.

म्हणून त्रुटींच्या जागी ‘मानवी चूक, हवेचा विरोध’ असं लिहू नका, माझ्या मते ते न लिहिल्यासारखंच आहे. कोणती चूक, कोणत्या दिशेने, किती, आणि कुठल्या रीडिंगवरून कळलं, एवढं लिहा. चारपाच ओळी पुरतात.

हे माझं मत. तुमच्या विभागाचा ठरलेला नमुना असेल तर मथळे तेच ठेवा. आणि रीडिंग पेनानेच लिहा. चुकलं तर एक आडवी रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे.