पहिलाच मेसेज ‘आगाऊ धन्यवाद’, पुढे काहीच नाही

“अनोळखी नंबरवरून ‘नमस्कार सर, आगाऊ धन्यवाद 🙏’ एवढंच आलंय. काम काय ते लिहिलेलंच नाही. याला उत्तर काय द्यायचं?”

उत्तर द्या, पण ‘हो, नक्की करू’ असं लिहू नका. समोरच्याला तोच होकार आधी हवा असतो. काम सांगायला अवघड वाटत असतं, म्हणून आभार पुढे करून तो अंदाज घेतो. तुम्ही हो म्हणालात की मग येतं, “तलाठ्याला जरा तुमच्याकडून फोन गेला असता तर...” आणि तुम्ही अडकता. नुसतं ‘बोला’ म्हणालात तर तिकडून “कसे आहात?” येतं आणि संध्याकाळ तशीच जाते.

मी महसूल खात्यात होतो, त्यामुळे मला असे मेसेज सातबाऱ्यासाठी येतात. माझं ठरलेलं उत्तर असं: “नमस्कार. गाव, तालुका, गट नंबर आणि नेमकी अडचण एकाच मेसेजमध्ये लिहा. जुन्या उताऱ्याचा फोटो असेल तर जोडा. मी माहिती सांगू शकतो, कार्यालयात शब्द टाकत नाही.” शेवटचं वाक्य कोरडं वाटतं, पण नंतर नाही म्हणण्यापेक्षा बरं.

एका बाईंकडून यावर खरी अडचण आली: सातबाऱ्यावर आईचं नाव चुकलंय. एवढ्यावरही सल्ला देता येत नाही. चूक कुठे शिरली, ते बघावं लागतं. मी जुना हस्तलिखित उतारा आणि फेरफाराची नक्कल मागितली. दोन्हीकडे नाव बरोबर होतं, म्हणजे संगणकावर चढवताना चुकलं होतं. ही लेखनातली चूक. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा, सोबत त्या दोन नकला जोडायच्या. फेरफारातच वारस म्हणून भलत्याचं नाव लागून नोंद प्रमाणित झाली असती, तर 155 चा उपयोग नव्हता. तिथे कलम 247 खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करावं लागतं, आणि त्याला मुदत असते. बाहेरून दोन्ही तक्रारी ‘नाव चुकलंय’ अशाच दिसतात. चुकीच्या दारात अर्ज घालून महिने गेलेले मी पाहिलेत, आणि अपिलाची मुदत कुणासाठी थांबत नाही.

तुमच्या क्षेत्रातले असेच दोन-तीन प्रश्न काढून ठेवा, ज्यांच्या उत्तराशिवाय तुम्हाला काही सांगताच येणार नाही. तेच पाठवा. खरी गरज असलेला माणूस ते शोधून पाठवतोच, उशिरा का होईना. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारायला जाऊ नका.

आणि प्रश्नाऐवजी .apk फाइल, लिंक किंवा ‘ओटीपी सांगा’ असं काही आलं, तर काहीही न उघडता नंबर ब्लॉक करा. गोड सुरुवात करणारे तसलेही असतात.