आण्णांचं फुकटातलं इंजिन

प्रश्न: तीन एकराला सोलर पंप परवडतो की डिझेल इंजिन? अनुदान आणि मेंटेनन्स धरून एनपीव्ही, म्हणजे पुढच्या सगळ्या खर्चाची आजची किंमत, काय निघते?

आमच्या घरात या प्रश्नावरून चार महिने अबोला होता, म्हणून लिहितोय. आमचे चुलते, आण्णा, एकच वाक्य धरून बसलेले: "इंजिन घरचं हाय, त्याला खर्च कसला?"

खर्च दिसायचा नाही हे खरं. दहा दिवसांनी दुधाचं बिल आलं की त्यातूनच कॅनभर डिझेल यायचं, आणि उसाचं बिल मात्र अख्खं नफा वाटायचं. शेवटी मीच वर्षभर वहीत मांडलं. पाच एचपीचं इंजिन तासाला लिटरभर पितं. विहिरीवर वर्षात 400 तास चाललं. नव्वदच्या भावानं 36,000. ऑइल, फिल्टर, नोझल आणि मेकॅनिकची फेरी मिळून 6,000. म्हणजे वर्षाला 42,000.

दहा वर्षं आणि 10 टक्के व्याजदर धरला, तर दहा वर्षं दरवर्षी जाणाऱ्या एकेक रुपयाची मिळून आजची किंमत होते 6.14 रुपये. डिझेलचं आजचं ओझं मग 2 लाख 58 हजार. त्यात इंजिनाची किंमत शून्य धरलीय, आण्णांच्या म्हणण्याप्रमाणे.

सोलरची पूर्ण किंमत मी तीन लाख धरली. वर्षाला 3,000 देखभालीचे, आठव्या वर्षी कंट्रोलर बदलायला 30,000. दोन्ही आजच्या किमतीत 32 हजार. अनुदान नसेल तर बेरीज 3 लाख 32 हजार, म्हणजे आण्णा जिंकले. इंजिन वर्षाला साधारण 530 तासांच्या वर चालत असेल, तरच विनाअनुदान सोलर बरोबरीला येतो. पण राज्याच्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला दहाच टक्के भरायचे. तीस हजार आणि वरचे 32, झाले 62 हजार. फरक जवळपास दोन लाखांचा. हा कागद दाखवला तेव्हा आण्णांनी चष्मा काढून ठेवला आणि चहा मागितला.

तेव्हा तुम्ही पॅनेलची जाहिरात बघू नका, अनुदान मिळतंय का तेवढं बघा. मंजुरी नसताना उधारीवर सोलर घेणारा माणूस माझ्या मते वेडा.

आता राहिलेलं. शेतीपंपाला वीज कनेक्शन असेल तर ही योजनाही नाही आणि हा हिशोबही लागू नाही. रात्री पाणी पाजायचं असेल तर सोलर विसरा. ढगाळ दिवसांसाठी आम्ही इंजिन ठेवलंय, त्याचे वर्षाला पाचेक हजार धरले की फरक 1 लाख 65 हजारांवर येतो. आणि पंचगंगेच्या काठाला पॅनेल रोवणार असाल तर 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आलं होतं ते आधी बघून या. आमची विहीर माळावर आहे.

आण्णा अजून म्हणतात, इंजिन विकायचं नाही. त्यात मात्र त्यांचं बरोबर निघालं.