कार्ड दाखव, पण कुठल्या खिडकीवर?

प्रश्न : मी नोकरीसाठी परदेशात आहे. आई-बाबांचा आरोग्य विमा काढलाय, हप्ता वेळेवर भरतो, कार्डही दोघांच्या हातात आहे. पण अचानक अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली तर त्यांना ते वापरता येईल का, या विचाराने झोप लागत नाही. फोनवर सांगितलं की दोघंही 'हो हो, कळलं' म्हणतात. सगळं एका पत्रात लिहून पाठवावं म्हणतो. काय लिहू?

पत्र जरूर लिहा, आणि छापील कागदावर लिहा. त्यात काय असावं हे मिरजेच्या एका काकूंच्या अनुभवावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काकूंना त्यांच्या भाचीने माझ्याकडे आणलं. काकांना न्यूमोनियासाठी अ‍ॅडमिट करावं लागलं होतं. ते बरे होऊन घरी आले, पण काकूंची झोप उडाली होती. "पोरगा तिकडून एवढा हप्ता भरतो आणि मला साधं कार्ड वापरता आलं नाही," हे त्या पुन्हा पुन्हा म्हणत. त्यांचा मुलगा कॅनडात ओंटारिओ प्रांतात राहतो. तिथे सरकारी आरोग्य कार्ड दाखवलं की रुग्णालयातल्या आवश्यक उपचारांचं बिल रुग्णाकडे येत नाही. त्या सवयीने त्याने आईला एकच वाक्य सांगून ठेवलं होतं : "कार्ड दाखव, बस."

काकूंनी कार्ड दाखवलं, पण ते कॅश काउंटरवर. तिथल्या माणसाने डिपॉझिट मागितलं. काकूंना वाटलं, कार्ड चाललं नाही. त्यांनी ते पर्समध्ये ठेवलं, पैसे भरले आणि पुढे मुदत ठेव मोडून सगळं बिल चुकतं केलं. मुलाला हे कळलं काका घरी आल्यावर. "तिकडे रात्रीचा दीड वाजला होता, कशाला उठवायचं त्याला?" हे काकूंचं उत्तर. फाइल आणि पावत्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या, म्हणून नंतर प्रतिपूर्तीचा दावा करता आला आणि बरेचसे पैसे परत मिळाले. मनाला लागलेलं मात्र तसंच राहिलं.

मुलाशी मी व्हिडिओ कॉलवर बोलले. त्याने लगेच चार पानी मजकूर पाठवला. पॉलिसीच्या अटी, व्याख्या, प्रतीक्षा कालावधी, सगळं बिनचूक होतं. मी त्याला म्हटलं, "तुझी आई काउंटरपाशी उभी आहे, बाबा स्ट्रेचरवर आहेत. यातली कुठली ओळ ती वाचणार?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने पत्र नव्याने लिहिलं, रुग्णालयात ज्या क्रमाने गोष्टी घडतात त्या क्रमाने. दोघांच्या परवानगीने त्यातला सुरुवातीचा भाग देते.

"आई, डॉक्टर अ‍ॅडमिट करा म्हणाले की आधी बाबांना अ‍ॅडमिट कर. कार्डाचं काम त्यानंतर, पण त्याच दिवशी. आपल्या पॉलिसीत अचानक अ‍ॅडमिट झाल्यास चोवीस तासांत कळवायचं आहे. कार्डावरच्या टोल-फ्री नंबरवर फोन कर आणि ते देतील तो नंबर या कागदाच्या मागे लिही.

"डिपॉझिट मागतील. मागितलं म्हणजे कार्ड चाललं नाही, असं नाही. विम्याची मंजुरी येईपर्यंत रुग्णालयं आगाऊ रक्कम घेतात. आपल्या दोघांच्या खात्यात ५०,००० रुपये मी फक्त यासाठी ठेवलेत. ते भर, पावती घे. मंजुरी आल्यावर हिशेबात धरतात किंवा परत देतात.

"पैसे भरतात त्या खिडकीवर कार्ड देऊ नको. 'टीपीए डेस्क कुठे आहे?' असं विचार. काही ठिकाणी त्याला इन्शुरन्स डेस्क म्हणतात. तिथे विम्याचं कार्ड, बाबांचं आधार आणि पॅन दे. एक फॉर्म भरतील, त्यातला मोठा भाग डॉक्टर भरून सही करतात. तो फॉर्म विमा कंपनीकडे गेला का, एवढं विचारून घे. आणि मला उठव. रात्रीचे कितीही वाजले असले तरी उठव."

हे शेवटचं वाक्य त्याने स्वतःहून घातलं. काकू ते वाचून रडल्या.

काकूंच्या पर्समध्ये तीन कार्डं होती, हे पत्रावर काम करताना लक्षात आलं. एक आभा कार्ड. त्यावर चौदा अंकी क्रमांक असतो, तो आरोग्याच्या नोंदी जोडण्यासाठी, त्यातून बिल भरलं जात नाही. दुसरं सत्तरीपुढच्यांसाठीचं आयुष्मान कार्ड, ते त्या योजनेत असलेल्या रुग्णालयांतच चालतं. तिसरं मुलाने घेतलेल्या विम्याचं. तिन्हींवर फोटो, तिन्हींवर 'आरोग्य' किंवा 'हेल्थ'. घाईत कुठलंही हाताला लागणार. काकूंनी विम्याच्या कार्डाच्या कोपऱ्यात लाल टिकली चिकटवली आणि मुलाने पत्रात लिहिलं, "टिकलीवालं कार्ड."

आता खोलीचा मुद्दा, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे जातात आणि बहुतेक मुलं हे पत्रात लिहीतच नाहीत. या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये होती. न्यूमोनियाच्या वेळी काकूंनी ८,००० ची खोली घेतली होती. त्यांना वाटलं, वरचे तीन हजार आपण भरू. पण अशा पॉलिसीत कपात तेवढ्यावर थांबत नाही. डॉक्टरांच्या भेटी, शस्त्रक्रियेची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे दर बऱ्याच रुग्णालयांत खोलीच्या दर्जाप्रमाणे चढतात. म्हणून विमा कंपनी तो खर्चही त्याच प्रमाणात कापते.

समजा, चार दिवस ८,००० च्या खोलीत काढले. भाडं ३२,००० झालं, मिळतील २०,०००. डॉक्टर, शस्त्रक्रिया वगैरेचे १,२०,००० झाले, तर आठातले पाच या प्रमाणात ७५,०००च मिळतील. भाड्यातले १२,००० आणि इथले ४५,०००, असे ५७,००० रुपये खिशातून गेले, निव्वळ खोली बदलल्याने. औषधं, शरीरात बसवायची उपकरणं, तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लागत नाही, अतिदक्षता विभागाच्या भाड्यालाही नाही. काही पॉलिसींत खोलीभाड्याची मर्यादाच नसते. तुमच्या पॉलिसीत काय आहे ते बघा आणि पत्रात आकडा न देता निर्णय लिहा. या मुलाने लिहिलं, "दोन खाटांची खोली घे. तीच आपल्या विम्यात बसते. ती रिकामी नसेल तर टीपीए डेस्कवर विचार की वरची खोली घेतल्यावर किती कापलं जाईल, आणि मला फोन कर." सिंगल रूम घेतली नाही तर मुलाला कमीपणा वाटेल, असं काकूंच्या मनात होतं. त्याच्या हातची ही ओळ वाचून ते ओझं उतरलं.

दुसरी अडचण तोंडी उत्तरांची. अ‍ॅडमिट करताना निवासी डॉक्टर विचारतात, "बीपी किती वर्षांपासून?" घाबरलेली बायको म्हणते, "झाली असतील पंधरा-वीस वर्षं." ते केसपेपरवर चढतं. विमा घेताना मात्र बीपी २०१६ पासून असल्याचं लिहिलेलं असतं. विमा कंपनीला फरक दिसला की ती क्वेरी काढते, जुने कागद मागते आणि मंजुरी अडकते. सलग साठ महिने पॉलिसी चालू असेल तर फसवणूक वगळता माहिती लपवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही, पण तोवर हे जपावं लागतं. म्हणून पत्राच्या मागे त्याने बाबांचे आजार, ते कोणत्या वर्षी निदान झाले, चालू गोळ्या आणि ऑपरेशनं लिहिली. विमा घेताना सांगितलेलंच आणि खरं तेच. "डॉक्टरांनी विचारलं की आठवून सांगू नको, हा कागद दे."

वर्ष-दीड वर्षात काका घरातच पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. काकूंनी पत्र बाहेर काढलं आणि आधी भाचीला, मग मुलाला फोन केला. टीपीए डेस्कवर फॉर्म गेला. दुपारी क्वेरी आली : घरी पडले याची नोंद आणि एक्स-रे पाठवा. अपघाताच्या केसमध्ये असा प्रश्न बहुधा येतोच, तो नकार नसतो. डॉक्टरांनी लिहून दिलं, मंजुरी आली. पहिली मंजुरी पूर्ण बिलाची नव्हती, हेही पत्रात आधीच लिहिलेलं होतं : "सुरुवातीला कमी रकमेची मंजुरी येते, बिल वाढलं की डेस्कवरून वाढीव मागणी पाठवतात. तू रोज दुपारी एकदा चौकशी कर."

डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांनी सकाळी घरी जायला सांगितलं आणि निघायला संध्याकाळ झाली. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि रुग्णालयाने अंतिम बिल पाठवल्यावर तीन तासांत कंपनीने निर्णय द्यायचा असतो. पण रुग्णालयाचं बिल तयार व्हायलाच वेळ जातो, तो या तीन तासांत धरत नाहीत. हातमोजे, डायपर अशा विम्यात न बसणाऱ्या वस्तू आणि पॉलिसीप्रमाणे बिलातला आपण स्वतः भरायचा वाटा मिळून काकूंना काही हजार भरावे लागले. ते का भरायचे, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून वाद झाला नाही. डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल, पावत्या आणि रिपोर्ट त्यांनी एका पिशवीत घेतले, कारण घरी आल्यानंतरची औषधं आणि तपासण्यांचा खर्चही ठरावीक दिवसांपर्यंत मागता येतो.

तुमच्या पत्रात आणखी एक परिच्छेद हवा, कॅशलेस नाकारलं तर काय करायचं याचा. त्याचा अर्थ दावा संपला असा नाही. पैसे भरून, सगळे मूळ कागद घेऊन नंतर प्रतिपूर्ती मागता येते. नकाराचं कारण लेखी मागून घ्यायचं, म्हणजे पुढे तक्रार करता येते. ते पैसे कुठून काढायचे हेही लिहा, कोणतं खातं, कोणती ठेव. नाहीतर त्या क्षणी आई स्वतःच्या बांगड्यांचा विचार करायला लागते.

पत्र पाठवलं की काम झालं असं समजू नका. एका रविवारी फोनवर आईलाच ते मोठ्याने वाचायला सांगा, तुम्ही ऐका. ती अडखळेल ते वाक्य बदला. मग विचारा, "कार्ड कुठे आहे?" आणि तिला उठून आणायला सांगा. जवळच्या एका माणसाकडे, भाऊ, भाची, शेजारी कोणीही, पत्राची प्रत ठेवा, कारण जी धावपळ करणार तीच व्यक्ती आजारी पडू शकते. आणि दर वर्षी नूतनीकरण झालं की नव्या तारखांचं, कार्डाचा नंबर बदलला असेल तर नव्या नंबरचं पत्र पाठवा. जुनं फाडायला सांगा, दोन कागद घरात राहिले की हाती नेमका जुना लागतो.