‘का’ विचारू नका, फाइल मागा

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातल्या सरकारी प्राथमिक शाळेतून ३१ मे रोजी निवृत्त झालो. भविष्य निर्वाह निधीचे पैसे मिळाले, पण पेन्शन आणि ग्रॅच्युइटीचा पत्ता नाही. १० नोव्हेंबरला शिक्षण खात्याच्या कार्यालयात माहिती अधिकाराखाली अर्ज दिला. त्यात तीन प्रश्न होते : माझी पेन्शन का अडवली, याला जबाबदार कोण, आणि ती कधी मिळणार? ८ डिसेंबरला उत्तर आलं : ‘प्रश्न १ व ३ माहितीच्या व्याख्येत बसत नाहीत. प्रश्न २ : प्रकरण प्रक्रियेत आहे.’ आता काय करू? आज २ जानेवारी आहे. – एक निवृत्त शिक्षक

उत्तर :

गुरुजी, नमस्कार. आधी तारीख बघू. उत्तर तुमच्या हातात पडल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करावं लागतं, म्हणजे तुमची मुदत ७ जानेवारीला संपते. अपील जरूर करा, पण सगळी आशा त्याच्यावर ठेवू नका. का ते सांगतो.

अधिकाऱ्याने तुम्हाला झटकून टाकलं असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण त्याचं निम्मं उत्तर कायद्याला धरून आहे, आणि तो कायदा आपल्या गोव्याच्याच एका प्रकरणात ठरला. २००८ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने डॉ. सेल्सा पिंटो विरुद्ध गोवा राज्य माहिती आयोग या प्रकरणात सांगितलं की ‘माहिती’ या शब्दात ‘का’ या प्रश्नाचं उत्तर येत नाही. एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही याचं समर्थन मागणं म्हणजे माहिती मागणं नव्हे. कार्यालयाकडे जे नोंदवलेलं आहे, तेवढंच मागता येतं. तेव्हापासून देशभरच्या माहिती अधिकाऱ्यांना हा निकाल तोंडपाठ आहे, आणि ‘का’ दिसला की ते सुटकेचा निःश्वास टाकतात.

याच कायद्याच्या कलम ४ मध्ये, प्रशासकीय निर्णयाची कारणं त्या निर्णयाची झळ बसलेल्या माणसाला द्यावीत, असंही म्हटलं आहे. तुमच्या अपिलात ते जरूर लिहा. मात्र तुमच्या बाबतीत अजून निर्णयच झालेला नाही. फाइल पडून राहणं हा कुणाच्या सहीचा निर्णय नसतो, म्हणून या कलमाचा आधार इथे थोडा लंगडाच आहे.

उलट दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर साफ चुकीचं आहे. कागद कोणाच्या टेबलावर आहेत, याची नोंद कार्यालयात असते. ‘प्रकरण प्रक्रियेत आहे’ हे त्याचं उत्तर नव्हे. अपिलाचा सगळा भर इथेच ठेवा. उत्तरात अपिलीय अधिकाऱ्याचं पद आणि अपिलाची मुदत लिहिणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. ते लिहिलेलं नसेल तर तोही एक मुद्दा करा. अपिलाचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवा.

आता खरं काम : नवा अर्ज. शुल्क दहा रुपये आहे. या अर्जात एकही प्रश्नचिन्ह नको. तुमच्या मनातला ‘का’ फाइलमधल्या कागदांवर आधीच उतरलेला असतो : टिपणी, आक्षेपाचा मेमो, परत पाठवल्याचं पत्र. ते कागद मागितले की ‘का’ न विचारता कळतं. मजकूर साधारण असा करा :

‘मी (नाव, पद, शाळा, निवृत्तीची तारीख) माझ्या स्वतःच्या पेन्शन प्रकरणाबाबत पुढील माहिती मागतो. माझ्या पेन्शन फाइलची, टिपणीच्या पानांसह, संपूर्ण पाहणी. माझे पेन्शनचे कागद लेखा संचालनालयाला पाठवल्याच्या प्रत्येक पत्राची प्रत. लेखा संचालनालयाकडून आलेल्या प्रत्येक आक्षेपाची प्रत. ही फाइल ज्या आवक-जावक नोंदवहीत नोंदली आहे, त्या पानांच्या प्रती. फाइल आजपर्यंत ज्या अधिकाऱ्यांकडे होती त्यांची नावं व पदं, आणि ती त्यांच्याकडे आली व गेली त्या तारखा, नोंदीनुसार. माझ्या सेवापुस्तिकेतील सेवा पडताळणीच्या नोंदींच्या प्रती.’

अधिकाऱ्यांची नावं मागणाऱ्या ओळीतला ‘नोंदीनुसार’ हा शब्द गाळू नका. नसलेली माहिती तयार करून देण्याचं बंधन कार्यालयावर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं आहे. तुम्ही ‘तक्ता करून द्या’ म्हटलंत की अधिकारी त्या निकालाकडे बोट दाखवेल. वहीच्या पानांच्या प्रती मागितल्या तर त्याला तसं म्हणता येणार नाही.

हाच अर्ज एकाच दिवशी दोन ठिकाणी द्या : तुमची सेवापुस्तिका ज्या शिक्षण कार्यालयात आहे तिथे, आणि पणजीला लेखा संचालनालयात. ज्यांनी कागद पाठवायचे आणि ज्यांनी पेन्शन मंजूर करायची, ती दोन्ही दारं वेगळी. नियमाप्रमाणे चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, पण तो प्रवास कशाला करायला लावायचा? शिवाय दोन्हीकडच्या नोंदवह्यांतल्या तारखा शेजारी ठेवल्या की कोण खोटं बोलतंय ते लगेच दिसतं. जमलं तर अर्ज हातोहात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. स्पीड पोस्टने पाठवलात तर पोच जपून ठेवा. मराठीत लिहायला काहीच हरकत नाही, मात्र टिपण्या बहुतेक इंग्रजीत असतात. म्हणून कागदाचं नाव लिहिताना ‘ऑब्जेक्शन मेमो’, ‘सर्व्हिस व्हेरिफिकेशन’ असे तिथले शब्द वापरले तर क्लार्कला फाइलमध्ये ते शोधायला अडचण पडत नाही.

पाहणीला स्वतः जा. निम्म्याहून जास्त उत्तर तिथेच मिळतं. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक निवृत्त परिचारिका आल्या होत्या. आठ महिने पेन्शन नाही, आणि ज्या त्या खिडकीवर ‘पणजीला गेलीय’ हेच उत्तर. पाहणीत दिसलं ते असं : लेखा विभागाने त्यांची फाइल तीन आठवड्यांतच परत पाठवली होती. मेमोवर एकच ओळ होती : अमुक साली एक वर्ष चार महिने सेवेची पडताळणी झालेली नाही. त्या काळात त्या दुसऱ्या आरोग्य केंद्रात तात्पुरत्या कामाला होत्या, आणि तिथल्या प्रमुखाने सेवापुस्तिकेत सही केली नव्हती. मेमो मूळ कार्यालयात पोचला, आवक क्रमांक पडला, आणि कपाटात गेला. पुढचे सहा महिने फाइल पणजीत नव्हतीच. आम्ही नोंदवहीच्या पानाची प्रत घेतली. त्या प्रतीचा धाक असा की पुढची टिपणी त्याच आठवड्यात झाली.

तुमच्या सेवापुस्तिकेतही हेच शोधा. प्रत्येक वर्षाची सेवा पडताळल्याची सही आहे का, बदलीच्या काळात पोकळी आहे का, रजेच्या नोंदी जुळतात का. निवृत्तीला पाच वर्षं उरली की कार्यालयाने पात्र सेवेची पडताळणी करून तसं प्रमाणपत्र द्यायचं असतं. ते दिलं गेलंच नसेल तर आजचा घोळ तिथूनच सुरू झाला असण्याची शक्यता मोठी. एखाद्या काळाचा पुरावा सापडत नसेल तरी वाट बंद होत नाही : कोऱ्या कागदावर लेखी निवेदन देऊन, त्या काळात मी खरोखर नोकरी केली असं जाहीर करायचं, आणि हजेरीपत्रक, पगाराची पावती, सहकाऱ्यांचं लेखी म्हणणं असं जे असेल ते जोडायचं. कार्यालयप्रमुखाने त्यावरून निर्णय घ्यायचा असतो.

दुसरी शक्यता पगारनिश्चितीची आहे. ‘पूर्वी चुकून जास्त वेतनवाढ दिली, आता वसुली करायची आहे’ असा मेमो असेल, तर वसुलीला लगेच मान्यता देऊ नका. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की गट क आणि गट ड कर्मचाऱ्यांकडून, तसंच निवृत्त झालेल्यांकडून अशी वसुली करता येत नाही. याला एक मोठा अपवाद आहे : जास्त रक्कम आढळल्यास परत करीन असं हमीपत्र तुम्ही पगारनिश्चितीच्या वेळी दिलेलं असेल, तर त्याच न्यायालयाचा २०१६ चा निकाल तुमच्या विरोधात जाऊ शकतो. म्हणून पाहणीत तेही पान शोधा. वसुली रोखली गेली तरी पेन्शनचा हिशेब योग्य पगारावर होणारच, हेही मनाशी धरून ठेवा.

माहितीचा अर्ज तुम्हाला कागद देतो, पेन्शन देत नाही. माहिती आयोग पेन्शन मंजूर करा असा आदेश देऊ शकत नाही. म्हणून तिसरा कागद वेगळा लिहा, आणि तो माहिती अधिकारात नको. कार्यालयप्रमुखाला साध्या अर्जाने तात्पुरती पेन्शन मागा. गोव्याच्या कर्मचाऱ्यांना केंद्राचे पेन्शन नियम लागू आहेत, आणि अंतिम हिशेब रखडला तर तात्पुरती पेन्शन सुरू करण्याची सोय त्यात आहे. त्याच अर्जात उशिरा मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीवर व्याजही मागा. उशीर प्रशासनाच्या चुकीमुळे झाला असेल तर ते भविष्य निर्वाह निधीच्या दराने मिळतं. चूक कुणाची, हे दाखवायला नोंदवहीच्या पानांची ती प्रतच कामी येते.

नव्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर प्रती फुकट द्याव्या लागतात, आणि तुम्ही पुन्हा पहिल्या अपिलाला मोकळे. तिथेही काही झालं नाही तर ९० दिवसांत पणजीच्या गोवा राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोग माहिती अधिकाऱ्याला रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. पण दुसऱ्या अपिलाची सुनावणी लगेच लागत नाही. त्या वाटेवर पेन्शन टांगून ठेवू नका. तात्पुरत्या पेन्शनच्या अर्जाला महिनाभरात हालचाल दिसली नाही, तर फाइलच्या प्रती घेऊन एखाद्या वकिलाला भेटा आणि पर्वरीला उच्च न्यायालयात रिट याचिका करता येईल का ते विचारा. त्या वेळी न्यायालयासमोर तुमची तक्रार नव्हे, तर कार्यालयाचेच कागद असतील.

पण ते पुढचं. आज शुक्रवार असो की सोमवार, अपिलाचा कागद ७ तारखेच्या आत शिक्क्यासह आत गेला पाहिजे.