गाडीच्या कनेक्टेड प्लॅनचं ऑटो-रिन्यूअल कसं थांबवायचं?

प्रश्न : गाडीच्या कनेक्टेड सर्व्हिसचे वर्षाचे पैसे येत्या आठवड्यात कापले जाणार आहेत. अ‍ॅप काढून टाकलं की झालं ना? गाडी गोव्यात आहे.

नाही, होत नाही. अ‍ॅप म्हणजे नुसती खिडकी. पैसे कापायची परवानगी, म्हणजे मॅन्डेट, तुमच्या बँकेकडे किंवा यूपीआयवर पडून असते. आमचे भावोजी आजही म्हणतात, "डिलीट केलं म्हणजे बंद." म्हणून शेजारच्या साळगावकरांचं काय झालं ते सांगतो.

त्यांनी ५ ऑगस्टला अ‍ॅप काढलं. १३ तारखेला एसएमएस आला, उद्या ३,४९९ रुपये कापले जातील. मेसेजमध्ये गाडीच्या कंपनीचं नव्हे, पेमेंट गेटवेचं नाव होतं, त्यामुळे त्यांनी फसवणूक समजून दुर्लक्ष केलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ही सूचना किमान २४ तास आधी यावीच लागते. तीच शेवटची संधी होती. १४ला पैसे गेले. बँक म्हणाली मॅन्डेट वैध आहे, आणि कंपनी म्हणाली नवं वर्ष सुरू झालं.

करायचं ते दोन जागी. आधी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये सबस्क्रिप्शनचं ऑटो-रिन्यूअल बंद करा आणि स्क्रीनशॉट ठेवा. मग ज्या यूपीआय अ‍ॅपवरून पहिल्यांदा पैसे भरले, त्याच्या प्रोफाइलमध्ये 'ऑटोपे' उघडून ते मॅन्डेट रद्द करा. यूपीआय पिन मागेल. तिथे १५,००० लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, ती बऱ्याचदा कमाल मर्यादा असते, कापायची रक्कम नव्हे. कार्डाने भरलं असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये ई-मॅन्डेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन शोधा. तिथे ओटीपी लागतो. काहींनी प्लॅन फोनच्या प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरमधून घेतलेला असतो, तो तिथल्या सबस्क्रिप्शनमधूनच रद्द होतो. शेवटी यादी पुन्हा उघडून मॅन्डेट 'रद्द' दिसतं का ते बघा. हे चार-पाच दिवस आधी उरका, आदल्या संध्याकाळी नको.

रोडसाइड असिस्टन्सचं, म्हणजे वाटेत गाडी बंद पडली तर मिळणाऱ्या मदतीचं आणि टोइंगचं, वेगळं. ती विम्याच्या पॉलिसीत अ‍ॅड-ऑन म्हणून असेल तर रद्द करायला मॅन्डेटच नसतं. पॉलिसीच्या नूतनीकरणात ती खूण काढायची. मात्र पॉलिसीचे पैसेच ऑटोपेवर असतील, तर नूतनीकरणाआधी विमा कंपनीला कळवावं लागेल.

माझं मत विचाराल तर कनेक्टेड प्लॅन खुशाल बंद करा, फोनवरून एसी चालू करायला वर्षाला साडेतीन हजार कशाला? टोइंग मात्र ठेवा, विशेषतः पावसात चोर्ल्यातून बेळगावला जात असाल तर. हां, एक राहिलं: पुष्कळ गाड्यांत आतलं एसओएस बटणही याच प्लॅनवर चालतं. घरात म्हातारं माणूस एकटं गाडी चालवत असेल तर बंद करण्याआधी प्लॅनच्या यादीत ते बघा. आणि गाडी विकायची असेल तर आपलं खातं गाडीपासून वेगळं करा, नाहीतर नव्या मालकाची गाडी कुठे आहे ते तुम्हाला दिसत राहील. हेही भावोजींना पटत नाही.